अंगावर पित्त उठतं तेव्हा: खाज, चिंता आणि रात्रीची वही

(युवा शिबिरातल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. पुढच्या अर्ध्या तासात तुमच्यापैकी बरेच जण कुठे ना कुठे खाजवणार आहेत. कुणी मान, कुणी कोपर, कुणी डोकं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जर्मनीतल्या गीसेनच्या संशोधकांनी हाच प्रयोग केला होता. त्यांनी खाजेवर एक जाहीर व्याख्यान ठेवलं आणि श्रोत्यांचं चित्रीकरण केलं. व्याख्यानाच्या एका भागात पिसवा, किडे, खाजवून झालेल्या खुणा अशी चित्रं दाखवली. दुसऱ्या भागात बाळाची मऊ त्वचा, पाण्यात डुंबणारी माणसं अशी शांत चित्रं होती. पहिल्या भागात लोक जास्त खाजवत होते. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे कातडीला काहीही झालेलं नसताना नुसतं पाहून-ऐकून खाज सुटते. मग ज्याच्या कातडीत आधीच गडबड आहे आणि डोक्यात चिंता आहे, त्याचं काय होत असेल, हा आजचा विषय.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण मला स्वतःला दीड वर्ष हा त्रास होता आणि त्या निमित्ताने मी बरंच वाचलं, त्वचारोगतज्ज्ञांना बरंच विचारलं. आज मी खाजेच्या सगळ्या आजारांबद्दल बोलणार नाही. एकाच आजाराबद्दल बोलणार आहे. मराठीत आपण त्याला 'अंगावर पित्त उठणं' म्हणतो, आमच्या घरात दखनीत 'पित्ती उछलना' म्हणतात, आणि डॉक्टर 'अर्टिकेरिया' लिहितात.

हे पित्त नेमकं काय असतं?

आधी नावाचा गोंधळ मिटवू. छातीत जळजळतं ते पित्त आणि अंगावर उठतं ते पित्त, हे दोन वेगळे त्रास आहेत. अंगावर उठतं तेव्हा कातडीतल्या मास्ट पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि फुगीर चट्टा उठतो. तेच हिस्टामिन नसांना डिवचतं आणि खाज सुटते.

या चट्ट्याची मुख्य ओळख म्हणजे तो टिकत नाही. एक चट्टा साधारण २४ तासांच्या आत मागे डाग न ठेवता जातो. पोटावरचा गेला की मांडीवर नवा येतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की पित्त दिवसचे दिवस तसंच आहे. खात्री करायची सोपी युक्ती आहे. एका चट्ट्याभोवती बॉलपेनने गोल काढा, वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. गोल रिकामा असेल तर ते बहुधा पित्तच. गोलात चट्टा तसाच असेल, खाजेपेक्षा दुखत किंवा जळजळत असेल, जाताना काळा-निळा डाग ठेवत असेल, तर कातडीतल्या रक्तवाहिन्यांना सूज आलेली असू शकते. तिथे डॉक्टरांना तपासणीसाठी कातडीचा छोटा तुकडा घ्यावा लागू शकतो.

आणखी एक गोष्ट. पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची असतात, त्यात चट्टे लालभडक दिसतात. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर लाली नीट दिसतेच असं नाही. म्हणून दिव्याखाली तिरपं बघा, हात फिरवा. फुगवटा बोटाला कळतो. डॉक्टरांकडे जाईपर्यंत चट्टे गेलेले असतात आणि "काहीच तर दिसत नाही" असं ऐकावं लागतं. त्यासाठी फोटो काढून ठेवा, वेळेसकट.

हा त्रास सहा आठवड्यांच्या आत संपला तर तो तात्पुरता. सहा आठवड्यांच्या पुढे रोज किंवा एक-दोन दिवसांआड येत राहिला तर तो जुनाट. जुनाट पित्तात बहुतेकदा बाहेरचं कारण सापडत नाही. बऱ्याच रुग्णांत शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच मास्ट पेशींना चिथावत असते. म्हणून घरोघरी जे होतं ते फारसं उपयोगी पडत नाही. आधी अंडी बंद, मग मासे बंद, मग वांगं, मग मटण. महिन्याभरात माणूस वरण-भातावर येतो आणि पित्त जिथल्या तिथे. जुनाट पित्ताचं कारण अन्न असणं फार कमी वेळा घडतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी, तास-दोन तासांच्या आत पित्त उठत असेल, तरच त्याच्यावर संशय घ्यावा. हजारो रुपयांच्या ॲलर्जीच्या मोठ्या यादीवाल्या चाचण्याही इथे सहसा हाती काही देत नाहीत.

मग टेन्शनचं काय?

इथे दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक, "सगळं टेन्शनमुळे आहे, टेन्शन घेऊ नकोस." दोन, "टेन्शनचा काय संबंध, रक्त खराब झालंय." दोन्ही चूक आहेत.

कातडी आणि नसा यांचं नातं जुन्या प्रयोगातून कळतं. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२७ साली कातडीच्या प्रतिक्रियांवर पुस्तक लिहिलं. कातडीवर बोथट वस्तूने जोरात रेघ ओढली की तीन गोष्टी होतात: रेघ लाल होते, तिच्या आजूबाजूला लाली पसरते, मग रेघेवर फुगवटा येतो. यातली पसरणारी लाली ही कातडीतल्या नसांची कामगिरी असते. तिथल्या नसा निकामी असतील तर ती पसरत नाही. म्हणजे नसा फक्त खाजेची बातमी मेंदूकडे नेत नाहीत, त्या उलट दिशेने कातडीतही रसायनं सोडतात. त्यातली काही रसायनं मास्ट पेशींना उचकवतात. ताणाच्या वेळी शरीरात तयार होणाऱ्या संप्रेरकांपैकी काहींचाही या पेशींवर परिणाम होतो. तेव्हा चिंतेने पित्त वाढतं, हे नुसतं मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही.

पण वाढवणं वेगळं आणि निर्माण करणं वेगळं. चिंता ही ॲम्प्लिफायर आहे. मूळ सिग्नल आजाराचा असतो, चिंता त्याचा आवाज मोठा करते. शिवाय चक्र तयार होतं. खाज सुटली, झोप मोडली, दुसऱ्या दिवशी डोकं जड, कामात चूक, त्याची काळजी, रात्री पुन्हा जास्त खाज. त्यात "उद्या इंटरव्ह्यूच्या वेळी तोंडावर उठलं तर?" ही वेगळी चिंता. आणि आपल्या समाजात, खरं तर सगळ्याच समाजांत, मुलीच्या अंगावर चट्टे दिसले की स्थळाची काळजी सुरू होते, टॉवेल वेगळा ठेवला जातो. हा आजार संसर्गजन्य नाही. एकाचं दुसऱ्याला होत नाही. हे घरात मोठ्याने सांगा, कारण लपवण्याची चिंता खाजेइतकीच थकवते.

एक प्रकार मात्र असा आहे, ज्यात भावना थेट ठिणगी टाकते. धावल्यावर, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर, तिखट खाल्ल्यावर, किंवा राग आल्यावर, वर्गासमोर बोलायची वेळ आल्यावर, छाती-पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढे बारीक पुरळ उठतात, टोचल्यासारखी खाज येते आणि बहुधा तासाभरात सगळं शांत होतं. हा शरीर तापण्याशी आणि घामाशी जोडलेला प्रकार आहे आणि तरुण मुलामुलींत तो बऱ्यापैकी दिसतो. तुमचं असं असेल तर डॉक्टरांना हे नेमक्या शब्दांत सांगा, निदान लवकर होतं.

एका मैत्रिणीची वही

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. माझी एक मैत्रीण, वय २८, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तिच्या परवानगीने सांगतोय, नाव सांगणार नाही. तिला अकरा आठवडे पित्त उठत होतं. उठलं की सेटिरिझिनची एक गोळी घ्यायची, नाही उठलं तर नाही. तिची पक्की खात्री होती की हे सगळं ऑफिसच्या रिलीजमुळे होतं. नोकरी सोडायचा विचार चालू होता.

मी तिला म्हटलं, नोकरी सोडण्याआधी दोन आठवडे मोज. मोजायची पद्धत त्वचारोगतज्ज्ञ जगभर वापरतात आणि ती इतकी सोपी आहे की वहीच्या एका पानावर मावते. रोज रात्री दोन आकडे लिहायचे. पहिला चट्ट्यांचा: २४ तासांत एकही नाही तर ०, वीसपेक्षा कमी तर १, वीस ते पन्नास तर २, पन्नासपेक्षा जास्त किंवा मोठे पसरलेले चट्टे असतील तर ३. दुसरा खाजेचा: नाही तर ०, आहे पण त्रास नाही तर १, त्रास होतो पण काम-झोप चालू आहे तर २, काम किंवा झोप मोडते तर ३. दोन्हींची बेरीज रोज जास्तीत जास्त ६. सात दिवसांची जास्तीत जास्त ४२. आठवड्याला ६ किंवा कमी म्हणजे चांगलं आटोक्यात, ७ ते १५ सौम्य, १६ ते २७ मध्यम, २८ च्या पुढे तीव्र.

पहिल्या आठवड्यात गुरुवारी तिचं रिलीज होतं. तिचे आकडे सोमवारपासून असे: ३, ३, ५, ६, ५, ३, २. बेरीज २७. बघा, रिलीजच्या दिवशी शिखर, तिचं म्हणणं बरोबरच वाटतं. दुसऱ्या आठवड्यात रिलीज नव्हतं, काम हलकं होतं. आकडे: ४, ३, ४, ३, ४, ३, ३. बेरीज २४.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. २७ आणि २४. रिलीजने शिखर उंच केलं यात शंका नाही. पण रिलीज नसतानाही चोवीस उरतात. पाया आजाराचा आहे, ऑफिसचा नाही. नोकरी सोडून ते चोवीस गेले नसते. "टेन्शन घेऊ नकोस" या सल्ल्याने तर नाहीच. हे कळल्यावर ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली.

डॉक्टरांनी रक्ताच्या मोजक्या तपासण्या केल्या, थायरॉइड बघितलं, आणि औषध फारसं बदललंच नाही. बदलली ती घ्यायची पद्धत. गोळी रोज, ठरलेल्या वेळी, पित्त असो वा नसो. कारण साधं आहे. ही गोळी हिस्टामिनला नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर बसू देत नाही. हिस्टामिन आधीच बसलं, चट्टा उठला, मग गोळी घेतली, तर ती उशिरा पोचलेल्या वॉचमनसारखी. ती आधीपासून दारात उभी हवी. दोन आठवड्यांनी तिची बेरीज १३ झाली. मग डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली. अशा नव्या पिढीच्या गोळ्यांची मात्रा जुनाट पित्तात चौपटीपर्यंत वाढवता येते, पण ती डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने वाढवायची. गरोदर बाई, लहान मूल, किडनीचा रुग्ण यांचं गणित वेगळं असतं. आणखी दोन आठवड्यांनी शांत आठवड्याची बेरीज ६ झाली.

मग पुढचं मोठं रिलीज आलं. त्या आठवड्याची बेरीज ११ आणि काही रात्री झोप मोडली. म्हणजे पाया खाली गेला, पण चिंतेचा उंचवटा राहिला. तो उंचवटा कमी करण्यासाठी तिने रात्रीचा एक ठरलेला क्रम सुरू केला, औषध तेच ठेवून. त्यानंतरच्या रिलीजला बेरीज ७ आणि एकच रात्र मोडली. एका माणसाच्या वहीवरून सिद्ध काही होत नाही, तो आजार आपोआप ओसरतही असू शकतो. पण कोणत्या गोष्टीने किती फरक पडला असावा, हे बघायला एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिने नीट पाळलं.

रात्रीचा क्रम

रात्रीच का? कारण खाज बहुतेकांना रात्री वाढते. अंथरुणात कातडी गरम होते, सूज दाबणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल संध्याकाळनंतर कमी असतं, आणि लक्ष गुंतवायला दुसरं काही नसतं. तिचा क्रम असा होता.

झोपण्याच्या तासभर आधी आंघोळ, पाच ते दहा मिनिटं, कोमट पाण्याने. कडकडीत पाण्याने खाज क्षणभर बरी वाटते, पण कातडी तापते आणि अर्ध्या तासात दुप्पट सुटते. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. कातडी कोरडी असेल तर ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. त्याने पित्त थांबत नाही, पण कोरडेपणाची वेगळी खाज थांबते. कपडे सैल, सुती. घट्ट इलॅस्टिक, पट्टा, ब्राचा पट्टा जिथे दाबतो तिथे चट्टे उठतात, हे तुम्ही पाहिलं असेल.

मग वही. दोन आकडे लिहायचे आणि त्याच पानावर उद्याची तीन कामं. डोक्यात फिरत राहिलेलं काम कागदावर गेलं की ते रात्री पुन्हा पुन्हा मोजावं लागत नाही.

मग दहा मिनिटं स्नायू सैल करणं. ही पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी शंभरएक वर्षांपूर्वी मांडली. आडवं पडायचं. पावलं पाच सेकंद आवळायची, मग पंधरा सेकंद सोडून द्यायची. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा. आवळल्यावर सोडणं काय असतं ते शरीराला कळतं, नुसतं "रिलॅक्स हो" म्हणून कळत नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी श्वास मोजावा: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. एक्झिमाच्या रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासांत स्नायू सैल करण्याने खाज आणि झोप सुधारलेली दिसली आहे. पित्तावर हे औषधाची जागा घेत नाही. फक्त ॲम्प्लिफायरचं बटण थोडं खाली फिरवतं.

उशाशी एका वाटीत पाणी आणि सुती फडकं. रात्री खाज सुटली तर काय करायचं, हे जागेपणी ठरवून ठेवायचं, कारण झोपेत हात आपोआप जातो. खाजवणं मोडायची ही रीत स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात एक्झिमाच्या रुग्णांसाठी वापरली. हात जातोय असं लक्षात आलं की दोन्ही मुठी तीस सेकंद आवळून धरायच्या. तरी खाज उरली तर तिथे नख नुसतं टेकवून दाबायचं, ओढायचं नाही. पित्तात याला दुहेरी महत्त्व आहे, कारण घासल्यानेच नवा चट्टा उठतो. त्यानंतर ओलं फडकं दहा मिनिटं. थंडाव्याने खाजेची बातमी मंदावते. आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावतात, तेव्हा जो आराम पडतो त्यात ओल्या फडक्याच्या गारव्याचा वाटा नक्की आहे. कॅलामाइन किंवा मेंथॉल असलेलं लोशनही चालतं. बर्फ थेट लावू नका. आणि ज्यांना थंड पाण्यानेच, थंड वाऱ्यानेच पित्त उठतं, त्यांनी फडक्याचा उपाय अजिबात करू नये. तो प्रकार वेगळा आहे, अशांनी थंड पाण्यात पोहायला एकट्याने उतरणंही धोक्याचं असतं.

शेवटचं, मोबाइल. रात्री दोन वाजता टॉर्च लावून चट्टे मोजायचे नाहीत आणि इतरांच्या चट्ट्यांचे फोटो शोधायचे नाहीत. सुरुवातीला सांगितलेलं गीसेनचं व्याख्यान आठवा. बघून खाज वाढते. मोजणी दिवसातून एकदाच, वहीच्या वेळी.

कुठे फसायला होतं

पहिली गोष्ट, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनं. दोन दिवसांत पित्त गायब होतं, म्हणून मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणली जातात. बंद केली की पित्त बहुधा परत येतं आणि मधल्या काळात वजन, साखर, रक्तदाब, हाडं यांचं नुकसान होतं. फार तीव्र झटक्यात डॉक्टर थोडे दिवस देतात, तेवढंच. रोजच्या गोळ्यांनी, पूर्ण मात्रेतही, भागलं नाही तर ओमालिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. महाग आहे, पण ते स्टेरॉइड नाही आणि अनेकांना लागू पडतं.

दुसरी, झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन वगैरे. रात्री झोप लागते म्हणून त्या बऱ्या वाटतात, पण सकाळी बाइक चालवताना त्यांची गुंगी उरलेली असते.

तिसरी, दुखण्याच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्यांनी जुनाट पित्त असलेल्या बऱ्याच जणांचं पित्त भडकतं. ताणाच्या आठवड्यात डोकं दुखतं, गोळी घेतली जाते, आणि दोष एकट्या ताणाला जातो. म्हणून वहीत गोळ्यांचाही रकाना ठेवा. अशांना पॅरासिटामॉल सहसा चालतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका.

रमजानचं विचारलं जातं म्हणून सांगतो. यातल्या बहुतेक गोळ्या चोवीस तासांतून एकदाच असतात, त्यामुळे इफ्तारनंतर एकच वेळ ठरवली तर महिनाभर खाडा होत नाही. फेक्सोफेनाडिन असेल तर ती फळांच्या रसासोबत घेऊ नका, पाण्यासोबत घ्या, रसाने ती कमी शोषली जाते. बिलास्टिन उपाशीपोटी लागते: खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. मात्रा दिवसातून दोनदा असेल तर वेळा डॉक्टरांशी बोलून बदला.

चौथी, प्रत्येक खाज पित्ताची नसते. घरात दोघा-तिघांना रात्री खाज आहे, बोटांच्या बेचक्यात, कमरेला बारीक पुरळ आहेत, तर ती खरूज असू शकते. तिला औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं. जांघेत, कमरेला गोल, कडा उठलेला, आठवडेन् आठवडे तिथेच असलेला चट्टा हा बहुधा नायटा असतो. त्यावर मेडिकलमधलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज दबते आणि नायटा पसरतो. या दोन्हींना "टेन्शनमुळे असेल" म्हणून महिनोन् महिने सोडलेलं मी पाहिलंय. पेनचा गोल इथे कामाला येतो. हे चट्टे दुसऱ्या दिवशीही गोलात तसेच असतात.

आणि एक गोष्ट वहीत लिहीत बसायची नाही. चट्ट्यांबरोबर जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर गोळी घेऊन वाट बघू नका. सरळ रुग्णालयात जा. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि त्यात मिनिटं महत्त्वाची असतात. नुसता ओठ किंवा पापणी सुजणं जुनाट पित्तात होतं, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. तरी पहिल्यांदा झालं तर दाखवून या.

जुनाट पित्त बहुतेकांचं कधीतरी जातं, पण त्याला महिने नव्हे, काही वर्षंही लागतात. त्यामुळे "आठवडाभर गोळी घेतली, फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका. पुढच्या वेळी जाताना तीन गोष्टी न्या: चार आठवड्यांच्या बेरजा, वेळेसकट फोटो, आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, डोकेदुखीच्या गोळीसकट. ओपीडीत आपल्याला पाच मिनिटं मिळतात. "खूप खाज येते, टेन्शनमुळे असेल" या वाक्यात ती जाऊ नयेत. "मागच्या आठवड्यात २४, त्याच्या आधी २७" असं म्हणा आणि वही टेबलावर ठेवा.

प्रश्न असतील तर विचारा. आणि हो, आतापर्यंत किती जणांनी मान खाजवली, ते मी मोजलेलं नाही.